चावीचा अर्थ सांगा, मालक!

‘सगळं अ‍ॅपमध्येच आहे, बघून घ्या.’ परदेशात राहणारे आपले घरमालक हल्ली हे वाक्य फार सहज लिहून मोकळे होतात. पूर्वी भाडेकरूच्या हातात दोन चाव्या ठेवल्या की मालकाचे काम संपत असे, आणि ते बरोबरही होते. चावीला भाषा नव्हती. ती उजवीकडे फिरते की डावीकडे एवढेच शिकायचे, तेही दरवाजाच शिकवायचा. आता दरवाजावर आकड्यांचे कुलूप बसते, त्याची सूत्रे मालकाच्या फोनमध्ये राहतात आणि भाडेकरूच्या वाट्याला वाचायचा मजकूर येतो. तो समजला नाही तर अडाणी कोण ठरते, हे सांगायला नको.

म्हापशातल्या एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी लिस्बनमधल्या आपल्या मालकांना पत्र लिहिले. मालक मूळचे डिचोलीकडचे, सातवीपर्यंत मराठीत शिकलेले. बाईंच्या परवानगीने ते पत्र इथे देतो. नावे तेवढी काढली आहेत.

“श्री. भाई यांस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

ऑगस्टमध्ये आपण दाराला नवीन कुलूप बसवून दिलेत. कुलूप चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याची भाषा मला कळत नाही, आणि ती आपण मला समजावून सांगावी यासाठी हे पत्र.

माझा फोन मराठीत आहे. त्यावर हे अ‍ॅप इंग्रजीत उघडते. आपण जी चित्रे पाठवलीत ती पोर्तुगीजमध्ये आहेत. आपल्या चित्रात Modo de passagem असे एक पान दिसते. माझ्या फोनवर मला असे पान कुठेच सापडत नाही. मी शब्दकोश पाहिला. ‘पॅसेज’ म्हणजे उतारा. मी मुलांना तीस वर्षे अनसीन पॅसेज दिले, पण दाराचा उतारा म्हणजे काय ते मला लागले नाही.

दुसरे असे की, दिवसा दार ओढून घेतले तर कुलपाचा तो घर्र आवाज येत नाही. संध्याकाळनंतर मात्र येतो. कुलूप बिघडले आहे का?

कामाला येणाऱ्या बाईसाठी आपण सप्टेंबरात सकाळी ८ ते १० असा कोड दिलात. तो सकाळी कधीच चालला नाही. दुपारी साडेबाराच्या पुढे चालायचा. नोव्हेंबरात आपण नवा दिलात, तो दीडनंतर चालतो. ती बिचारी आता दुपारी येते. तिचे दुसऱ्या घरचे काम सुटले.

शेवटचे. माझी बहीण चार दिवस राहून गेली. नंतर फोनवर आपण ‘पाहुणे गेले का’ असे विचारलेत. मी आपल्याला पाहुण्यांविषयी सांगितले नव्हते. आपल्याला दारातून काय काय दिसते ते कृपया कळवावे. मलाही ते दिसावे अशी सोय आहे का, हेही कळवावे.

सेल संपले तर काय करायचे आणि लोखंडी चावी कुणाकडे आहे, हे लिहायला विसरू नये. कळावे, लोभ असावा.”

या पत्रावर मालकांचे उत्तर आले ते दोन ओळींचे. कुलूप ठीक आहे, आणि शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला विचारा, तो पाच मिनिटांत सांगेल. आमच्या ओळखीच्या काही मंडळींचेही हेच मत पडले. वर, ‘एवढे लांबलचक पत्र कशाला लिहायचे, हसू होते’ अशी टिप्पणीही झाली. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हे पत्र ज्याला लिहायला हवे होते त्यालाच लिहिले आहे, आणि कॉलेजचा पोरगा कितीही हुशार असला तरी यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याला देता येणारच नाहीत.

का ते बघा. बाईंना वाटते आहे की आपल्याला भाषा येत नाही म्हणून पान सापडत नाही. प्रत्यक्षात ते पान त्यांच्या फोनवर नाहीच. या प्रकारच्या कुलपात ज्याने ते पहिल्यांदा आपल्या फोनला जोडले तो प्रमुख. तो इतरांना डिजिटल चावी पाठवतो. साधी चावी मिळालेल्या माणसाला दार उघडण्याचे बटण दिसते, आणखी एखाददुसरी गोष्ट दिसते, बाकी काही नाही. कोड तयार करणे, दार किती सेकंदांनी आपोआप बंद व्हावे ते ठरवणे, कोण कधी आले-गेले त्याची नोंद पाहणे, ही सगळी पाने प्रमुखाकडे राहतात. त्याने दुसऱ्या कुणाला सहप्रमुख केले तरच ती त्या माणसाला उघडतात. म्हणजे पोराने बाईंचा फोन हातात घेऊन पाच मिनिटे काय, पाच तास शोधले असते, तरी Passage Mode त्याला मिळाला नसता.

भाषेचा घोळही एक नाही, तीन आहेत आणि ते तीन वेगवेगळ्या हातांत आहेत. अ‍ॅपमधल्या पानांची भाषा फोनच्या भाषेवरून ठरते. अ‍ॅप बनवणाऱ्याने मराठी दिलेली नसेल तर मराठी फोनवर ते आपल्या ठरलेल्या भाषेत, म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजीत उघडते. एवढे मात्र भाडेकरूच्या हातात असते. अँड्रॉइडच्या १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, फोन मराठीत ठेवून एकट्या त्या अ‍ॅपची भाषा वेगळी निवडता येते. अ‍ॅपने हिंदी दिली असेल आणि ती इंग्रजीपेक्षा सोपी वाटत असेल, तर तेवढी निवडावी. दुसरी भाषा मालकाकडून येणाऱ्या निरोपांची. कोड पाठवताना अ‍ॅप जो तयार मजकूर बनवते, तो पाठवणाऱ्याच्या फोनच्या भाषेत असतो. म्हणून बाईंना प्रत्येक कोड Válido ने सुरू होणाऱ्या ओळीसह येतो. आणि तिसरी, कुलपाच्या तोंडची. ‘बॅटरी लो’ वगैरे जे ते कुलूप बोलते, तो आवाज कुलपाच्या आत असतो. भाषा दोन-चारच असतात, आणि त्यांतली निवडायची तीही प्रमुखाने.

गंमत अशी की बाईंच्या वडिलांकडे घराचे पोर्तुगीज कागद होते आणि ते वाचून घ्यायला गावातल्या जाणत्या माणसाकडे जावे लागे. १९६१ नंतर ते कागद पेटीच्या तळाशी गेले. आता तीच भाषा लेकीच्या दारावर परत आली आहे, तीही डिचोलीच्या माणसाकरवी! असो.

आता दाराच्या उताऱ्याकडे वळू. Passage Mode ला मराठीत मी ‘मोकळे दार’ म्हणेन. दुकान, दवाखाना, कचेरी अशा जागी दिवसभर माणसे ये-जा करतात, त्यांना दर वेळी कोड दाबायला लावता येत नाही. म्हणून वार आणि वेळ ठरवून द्यायची. त्या वेळात एकदा दार उघडले की कुलूप ते पुन्हा लावत नाही. बाहेरून नुसती मूठ फिरवली की दार उघडते. राहत्या घरात याचे काहीही काम नाही. मग बाईंच्या दारात ते आले कुठून? ऑक्टोबरात त्या साखळीला बहिणीकडे गेल्या असताना मालकांनी लिस्बनहून स्वयंपाकघराच्या कामाला सुतार पाठवला होता. त्याने सारखे फोन करू नयेत म्हणून सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५ असे मोकळे दार लावले. काम संपले, सुतार गेला, आणि हा नियम राहून गेला. त्याला शेवटची तारीख नसते. कुणी हाताने बंद करीपर्यंत तो दर आठवड्याला चालू राहतो.

म्हणजे ऑक्टोबरपासून हे पत्र लिहीपर्यंत, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, एक एकटी बाई दुपारी दार ओढून आत झोपत होती आणि ते दार जिन्यावरच्या कुणालाही मूठ फिरवून उघडता आले असते. तिला कळले ते आवाजावरून. दार ओढल्यावर काही सेकंदांत आतली छोटी मोटर फिरते आणि लॅच अडकते, त्याचा तो घर्र आवाज. दिवसा तो येत नाही आणि रात्री येतो, एवढी नेमकी खूण तिने पत्रात लिहिली. कुलूप बिघडले असते तर ते घड्याळ बघून बिघडले नसते! हे वाक्य नीट वाचले असते तर मालकांना अर्ध्या मिनिटात कळले असते. त्यांनी लिहिले, कुलूप ठीक आहे. खरेच ठीक होते. सांगितले होते तसेच वागत होते.

ज्यांच्या घरी असे कुलूप आहे त्यांनी ही परीक्षा आजच करून बघावी. दार बंद करा, मिनिटभर थांबा, आणि बाहेरून कोड न दाबता मूठ फिरवा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा. एकाच वेळी करून भागत नाही, कारण नियम वेळेचा असतो.

कामवाल्या बाईच्या कोडाचे गूढही पत्रातच सुटलेले आहे. ८ ते १० चा कोड सप्टेंबरात साडेबाराला चालू झाला. लिस्बनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असते. तिथले आठ म्हणजे इथले साडेबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात, मग फरक साडेपाच तासांचा होतो. नोव्हेंबरात दिलेला कोड म्हणूनच दीडला चालू झाला. मालकांनी आपल्या फोनवर आठ टाकले आणि ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे आठ झाले. सगळी अ‍ॅप असे करत नाहीत. काही कुलपाच्या जागेची वेळ धरतात, आणि याच अ‍ॅपमध्ये मोकळ्या दाराचा नियम थेट कुलपात लिहिला जातो, त्यामुळे तिथले दहा म्हणजे म्हापशाचेच दहा. एकाच अ‍ॅपमध्ये दोन घड्याळे! चुकलेला वेळ साडेचार किंवा साडेपाच तासांचा भरला तर दोष आकड्यात नाही, देशात आहे, हे ओळखावे. दुबईच्या मालकाचा फरक दीड तासाचा आणि तो बारा महिने तेवढाच. उपायही साधा आहे. इथल्या सकाळच्या ८ ते १० साठी लिस्बनच्या माणसाने थंडीत पहाटे अडीच ते साडेचार टाकावेत. नाहीतर, आणि हे जास्त बरे, कोड करण्याचा अधिकार म्हापशाच्या फोनला द्यावा.

इथे मला आपल्या मराठीप्रेमी मंडळींशीही भांडायचे आहे. हे पत्र दाखवल्यावर एका सभेत एकजण तावातावाने म्हणाले, ही अ‍ॅप मराठीत आलीच पाहिजेत. यावीत ना, कोण नको म्हणतो? पण उद्या त्या पानावर सुंदर मराठीत ‘मोकळे दार’ असे लिहून आले, तरी ते पान बाईंच्या फोनवर दिसणार नाही ते नाहीच. ‘नोंदी’ हा शब्द मराठीत आला म्हणून नोंदी त्यांना दिसणार नाहीत. अनुवादाने शब्द कळतो. तो नियम कुणी लावला, कधी लावला, आणि मला न सांगता का लावला, हे अनुवादकाला ठाऊक नसते. ते लिस्बनच्या एका माणसाला ठाऊक आहे. त्याला उत्तम मराठी येते. मराठी अ‍ॅपची मागणी लावून धरताना हा माणूस मधल्यामध्ये सुटतो, हे माझे दुखणे आहे.

पाहुण्यांचा प्रश्न तर मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि बाईंनी तो किती सभ्यपणे विचारला आहे. वाय-फायला जोडलेले छोटे यंत्र घरात लावलेले असेल तर दार कधी उघडले, कोणत्या कोडाने किंवा कुणाच्या बोटाच्या ठशाने उघडले, हे प्रमुखाच्या फोनवर त्याच क्षणी उमटते. बहिणीला दिलेल्या कोडाच्या नोंदी चार दिवस उमटल्या आणि पाचव्या दिवशी थांबल्या. मालकांनी त्यावरून ‘पाहुणे गेले का’ विचारले. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण जुन्या काळी भाटकाराचा माणूस मुंडकाराच्या खोपटावरून चक्कर मारून कोण आले-गेले ते बघायचा, तो निदान दिसायचा तरी. ती सत्ता मोडायला गोव्यात १९७५ चा मुंडकार कायदा करावा लागला. आजच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूला तो कायदा लागू नाही, हे मला माहीत आहे. चक्कर मारणे मात्र तेच आहे.

कायद्याचे म्हणाल तर भाडेपट्ट्यापुरते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ पुरेसे बोलके आहे. भाडे देणाऱ्याने आणि अटी पाळणाऱ्याने जागा विनाव्यत्यय उपभोगावी, असा मालकाचा करार गृहीत धरलेला असतो. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्यांना हा आधार तसाच मिळत नाही, म्हणून त्यांनी तर कागदावर लिहूनच घ्यावे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मागण्याची तरतूद आहे. त्यात मराठीही आहे, कोकणीही आहे. पण ती जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या कंपनीची. घरगुती कारणासाठी फोन बघणाऱ्या माणसाला तो कायदा वगळतो. तेव्हा बाईंच्या पत्राला उत्तर देण्याचे कायदेशीर बंधन शोधत बसलो तर हाती फार लागणार नाही. उत्तर तरीही द्यावेच लागेल, कारण दार त्यांनी बदलले आहे.

ते उत्तर कसे असावे, हे मी मालकांना कळवले आहे. शब्दांचे अर्थ देऊ नका. एकेक सोय घ्या. तुमच्या पडद्यावर तिचे नाव काय, बाईंच्या इंग्रजी अ‍ॅपमध्ये काय, दारावर तिचा परिणाम काय होतो, आज ती चालू आहे की बंद, आणि ती बदलण्याचा अधिकार कुणाला. उदाहरणार्थ: “माझ्याकडे Modo de passagem, इंग्रजीत Passage Mode. हे चालू असताना दिवसा कुलूप लागत नाही. मी ते ऑक्टोबरात सुतारासाठी लावले होते, आज बंद केले. तुम्हाला विचारल्याशिवाय पुन्हा लावणार नाही.” चार वाक्ये झाली. अशी पाच-सहा टिपणे लिहायला एक संध्याकाळ पुरे, आणि शाळेत त्यांना पत्रलेखन शिकवलेले होते. त्याबरोबर बाईंना सहप्रमुख करावे, म्हणजे कोड त्या करतील आणि मालकांना दिसते ते त्यांनाही दिसेल. एवढे करूनही मालक प्रमुखच राहतात, बाईंना काढून टाकण्याचे बटण त्यांच्याच हातात राहते. म्हणून ते बटण भाडेकरार चालू असेतोवर लेखी नोटिशीशिवाय दाबायचे नाही, अशी एक ओळ करारात यावी. कुलूपवाल्याकडे यावर उपाय नाही, वकिलाकडे आहे.

मालकांनी यातले काही ऐकले. मोकळे दार बंद झाले, टिपणे आली, थोडी त्रोटक पण मराठीत. बाई आता सहप्रमुख आहेत आणि कामवाली पुन्हा सकाळी आठला येते. तिचे सुटलेले दुसरे काम तिला परत मिळालेले नाही. नोंदींबद्दल मालकांनी लिहिले की त्या आपोआप दिसतात, त्यांना इलाज नाही. इलाज आहे. दार उघडल्याची सूचना आपल्या फोनवर बंद करता येते, आणि नोंदींचे पान न उघडणे हाही एक इलाजच आहे.

राहिली लोखंडी चावी. अशा बहुतेक कुलपांच्या मुठीखाली किंवा एका छोट्या झाकणाआड साध्या चावीचे भोक असते. सेल पार उतरले, मोटर जळली, तर हाच रस्ता. काही कुलपांना बाहेरून पॉवर बँकेची तार लावून किंवा नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून तेवढ्यापुरते जागे करता येते, पण मोटर गेली असेल तर त्याचाही उपयोग नाही. बाईंच्या कुलपाला भोक आहे. त्याच्या दोन्ही चाव्या लिस्बनमध्ये एका ड्रॉवरमध्ये आहेत, असे त्या टिपणांत शेवटी लिहिले आहे. त्यातली एक रजिस्टर पोस्टाने पाठवावी, असे बाईंनी दुसऱ्या पत्रात लिहिले. ते पत्र एकाच ओळीचे आहे.